न मोजलेले गोदाम

ताळेबंदाखाली ज्या सनदी लेखापालाची सही असते तो गृहस्थ बहुधा गोदामात गेलेला नसतो, त्याने पोती मोजलेली नसतात, बँकेची पत्रे स्वतः फोडलेली नसतात. त्याला जे ठाऊक असते ते त्याच्या हाताखालच्या मुलांनी लिहून आणलेल्या कागदांवरून ठाऊक असते. या कागदांना दफ्तरी भाषेत कार्यपत्रे म्हणतात आणि कचेरीतील मुले त्यांना ‘वर्किंग पेपर्स’ म्हणतात. प्रत्येक कार्यपत्राच्या कोपऱ्यात दोन लहान चौकटी असतात: एकीत काम कोणी केले आणि केव्हा पुरे केले, दुसरीत ते कोणी तपासले आणि केव्हा. लेखापरीक्षण मानक २३० या दोन्ही नोंदी आवश्यक मानते. पहिल्या चौकटीत दोन-तीन आद्याक्षरे आणि एक तारीख एवढाच मजकूर असतो; पण तो एका घडलेल्या गोष्टीचा दाखला असतो, आणि त्यावर मग व्यवस्थापकाची, भागीदाराची, भागधारकाची व कर्ज देणाऱ्या बँकेची भिस्त एकावर एक रचली जाते. या प्रकरणाचा विषय त्या पहिल्या चौकटीपुरताच आहे: काम झालेले नसताना ती भरावयास सांगितली, तर विशीतल्या उमेदवाराने काय करावे?

उदाहरणादाखल एक साखर कारखाना घेऊ. कारखाना कल्पित आहे, माणसेही कल्पित आहेत. परंतु जे काम वर्णिले आहे ते दर वर्षी मार्चअखेर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी याच रीतीने चालते. साखरेचा हंगाम शरदात सुरू होऊन वसंतात संपतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून वर्षाखेरीस गोदामे भरलेली असतात. पन्नास किलोंची पोती थप्प्यांनी रचलेली असतात, आणि त्या साखरेवर बँकेने उचल दिलेली असल्यामुळे शिल्लक मालाचा आकडा हाच ताळेबंदातील एक मोठा आकडा असतो. आपल्या कारखान्यात अशी पाच गोदामे होती. शहरातील हिशेबतपासनिसांच्या पेढीने मोजणीच्या वेळी हजर राहण्यासाठी दोन उमेदवार पाठविले. पैकी एक मुलगी आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मोजणीचे पान तिच्याकडे होते.

मोजणीला हजर राहणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पोती कारखान्याचे लोक मोजतात. तपासनिसाने ती कशी मोजली जातात हे पाहावयाचे असते, आणि त्यातील काही थप्प्या स्वतः पुन्हा मोजावयाच्या असतात. या फेरमोजणीला दोन दिशा असतात. काही थप्प्या साठावहीतून निवडून गोदामात शोधावयाच्या, म्हणजे वहीत आहे पण जमिनीवर नाही असा माल सापडतो. आणि काही थप्प्या गोदामात डोळ्यांसमोर आहेत त्या निवडून वहीत शोधावयाच्या, म्हणजे जमिनीवर आहे पण वहीत नाही असा माल सापडतो. थप्पी मोजताना लांबीची पोती, रुंदीची पोती आणि थर यांचा गुणाकार करतात. वीस गुणिले दहा गुणिले वीस म्हणजे चार हजार पोती. हा गुणाकार थप्पी भरीव असेल तरच खरा ठरतो. गाभा पोकळ ठेवून चारही बाजू नीट रचल्या तर खाली उभ्या असलेल्या माणसाला चार हजारच दिसतात. म्हणून शिडी लावून वर चढावे लागते, वरचा थर पाहावा लागतो, मधले एखादे पोते उचलावयास सांगावे लागते. शिवाय त्या दिवशीचा शेवटचा आवक-चिठ्ठीचा व शेवटचा जावक-पासाचा क्रमांक टिपून घ्यावा लागतो, कारण गाळप चालू असताना माल स्थिर नसतो आणि कोणती पोती रेषेच्या अलीकडची व कोणती पलीकडची हे त्या दोन क्रमांकांवरूनच पुढे ठरते.

हे सारे तपासनिसाचे कर्तव्य आहे, हे मानले जाण्यास अमेरिकेतील एक मोठी फसवणूक कारणीभूत झाली. १९३८ च्या डिसेंबरात मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या कंपनीचा प्रमुख हा नाव बदलून वावरणारा जुना गुन्हेगार निघाला, आणि कॅनडातील गोदामांत ठेवलेल्या म्हणून दाखविलेल्या कच्च्या औषधी मालाचा मागमूसही नाही असे उघडकीस आले. सत्त्याऐंशी दशलक्ष डॉलरांच्या एकूण मालमत्तेपैकी सुमारे एकोणीस दशलक्ष डॉलरांची मालमत्ता केवळ कागदावर होती. तीत मालाचा भाग सुमारे दहा दशलक्षांचा, उरलेली खोटी येणी. कंपनीचे तपासनीस प्राइस वॉटरहाउस हे नामांकित होते आणि तत्कालीन प्रघाताप्रमाणे त्यांनी कागदपत्रे पाहिली होती. गोदामे मात्र पाहिली नव्हती, कारण गोदामे पाहण्याचा प्रघातच नव्हता. पुढच्याच वर्षी तेथील व्यावसायिक संस्थेने माल मोजताना हजर राहणे आणि येणेकऱ्यांकडून परस्पर खातरजमा करणे ही दोन कामे हिशेबतपासणीच्या नित्याच्या जाबत्यात घातली. आज आपल्याकडे मानक ५०१ जे सांगते त्याचे मूळ त्या रिकाम्या गोदामांत आहे. कागद सुसंगत असणे आणि माल असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच हे काम सिद्ध करते. म्हणून कागदावरून आकडे उतरवून ‘मोजले’ असे लिहिले की या कामाचा प्राणच जातो.

आता आपल्या मुलीकडे वळू. ३१ मार्चला सकाळी आठला मोजणी सुरू झाली आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत चार गोदामे झाली. पाचवे गोदाम आवाराच्या मागील टोकाला होते. तेथवर पोहोचेतो वीज गेली, हमाल पाळी संपवून निघून गेले, आणि गोदामपाल किल्ली घेऊन घरी गेल्याचे समजले. दोघे उमेदवार रात्रीच्या गाडीने शहरात परतले. पाचवे पान कोरे राहिले. यात कोणाचाही अपराध म्हणावा असे काही नव्हते. मोजणीच्या दिवशी असे घडत असते.

५ एप्रिलला तिच्या वरच्या सहकाऱ्याने फाइल चाळली. तोही तिच्याहून दोन-तीनच वर्षांनी मोठा, नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक बाई फाइल पाहणार होत्या.

“पाचव्या गोदामाचं पान कोरं का?”

“सर, त्या दिवशी मोजता नाही आलं. किल्ली नव्हती, वीजही गेली होती.”

“अगं, चार मोजलीस ना? चारही बरोबर निघाली. पाचव्यातही साखरच असणार. साठावहीतून आठ थप्प्या उचल, आकडे भर, एकतीस तारीख घालून टाक. उद्या मॅडम बघणार आहेत.”

या बोलण्यात धमकी नाही, लालूच नाही. बोलणारा दुष्ट नाही, आणि तो जे म्हणतो त्यातील एक भाग खराही असू शकतो. पाचव्या गोदामात साखर असण्याचीच शक्यता जास्त. प्रत्यक्षात हा प्रसंग बहुतेक वेळा याच सौम्य रूपात येतो, आणि म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते. समोरचा माणूस लबाडी कर असे म्हणत नाही. पान पुरे कर, एवढेच म्हणतो. मुदत जवळ आलेली असते, थकवा आलेला असतो, आणि विनंती करणाराच उद्या आपले काम कसे आहे हे वर सांगणार असतो. आर्टिकल उमेदवाराच्या बाबतीत भीतीला आणखी एक कारण असते. त्याचा प्रशिक्षणकाळ पुरा झाल्याचे प्रमाणपत्र त्याच्या प्रमुखाने द्यावयाचे असते, आणि पेढी बदलणे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर नसते. ही भीती खोटी नाही, आणि ती नाहीच असे समजून दिलेला सल्ला निरुपयोगी ठरतो.

तरीही येथे प्रथम एक भेद स्पष्ट पाहिला पाहिजे. चार गोदामे बरोबर निघाली, म्हणून पाचव्याची मोजणी न करता मिळालेला पुरावा पुरेसा मानावा की काय, हा निर्णयाचा प्रश्न आहे. वरिष्ठ तो निर्णय घेऊ शकतात, त्याची कारणे लिहू शकतात, आणि त्या निर्णयाची जबाबदारी त्यांची. कनिष्ठाला तो पटला नाही तरी तो त्यांचा अधिकार आहे. परंतु ‘मी ३१ मार्च रोजी पाचव्या गोदामातील आठ थप्प्या मोजल्या’ हा निर्णय नाही, ते विधान आहे, आणि ते खरे की खोटे एवढाच त्याच्याविषयी प्रश्न संभवतो. वरिष्ठाच्या हुकमाने निर्णय बदलू शकतो. घडलेली गोष्ट बदलू शकत नाही. विनंतीच्या ओघात हे दोन्ही एकत्र कालवले जातात, आणि ज्याला ते वेगळे करता येतात त्याला उत्तर सापडण्यास वेळ लागत नाही.

दुसरा भेदही तितकाच कामाचा आहे, कारण कोरे पान दिसले म्हणजे दर वेळी काम झालेले नसतेच असे नाही. कधी काम झालेले असते, पण ते उतरवून ठेवावयाचे राहून गेलेले असते; अशा वेळी ते आज लिहावे, काम कोणत्या दिवशी केले ते सांगावे आणि लिहिल्याची तारीख आजचीच घालावी, यात काही गैर नाही. अहवालाच्या तारखेपासून साधारणतः साठ दिवसांच्या आत फाइल जुळवून बंद करावयाची असते, तोवर अशा भरण्या नियमातच बसतात. फाइल बंद झाल्यावर काही भर घालणे भाग पडले तर कोणी, केव्हा व का घातली हे नोंदवावे लागते. कधी काम दुसऱ्या कोणी केलेले असते. मग त्याचीच आद्याक्षरे हवीत. आणि कधी काम झालेलेच नसते. पहिल्या दोहोंत उपाय लेखणीचा आहे. तिसऱ्यात लेखणीने होण्यासारखे काहीच नसते. तेथे गोदामातच जावे लागते, किंवा गेलो नाही असे लिहावे लागते. विनंती करणारा पुष्कळदा तिसरी स्थिती पहिलीसारखी समजत असतो, म्हणून उमेदवाराने सर्वांआधी शांतपणे वस्तुस्थिती सांगावी. अनेक प्रसंग एवढ्यावरच संपतात. ‘मला वाटले तू मोजून आलीस आणि लिहायचे राहिले’ असे उत्तर येते, आणि ते खरेही असते.

आपल्या मुलीने तसेच केले. ती म्हणाली, “सर, पाचवं गोदाम मी मोजलेलं नाही, म्हणून मोजलं असं मला लिहिता येणार नाही. परवा जाऊन मोजून येते. एक तारखेपासूनच्या आवक-जावकेच्या चिठ्ठ्या काढल्या की एकतीसचा आकडा मागं लावता येईल.” या तीन वाक्यांत नकाराचे वाक्य एकच आहे, उरलेल्या दोहोंत रस्ता आहे. नुसता नकार दिला तर वरिष्ठाला कोपऱ्यात उभे केल्यासारखे होते, आणि त्याच्यापुढे कोरे पान जसेच्या तसे राहते. रस्ता दाखविला म्हणजे त्यालाही आपल्या शब्दातून मागे फिरावयास जागा मिळते. तो रस्ता नियमांतीलच आहे: अनपेक्षित कारणाने मोजणीला हजर राहता आले नाही तर दुसऱ्या दिवशी मोजावे आणि मधल्या काळातील व्यवहार तपासून मूळ तारखेशी रुजुवात घालावी, असे मानक ५०१ म्हणते. तेच मानक हेही बजावते की तपासनिसाची सामान्य गैरसोय म्हणजे मोजणी अशक्य असणे नव्हे. अडचण, वेळ किंवा खर्च ही काम गाळण्याची पुरेशी कारणे ठरत नाहीत. मोजणी खरोखरच अशक्य असेल तर दुसऱ्या मार्गांनी पुरावा मिळवावा, आणि तोही न मिळाला तर भागीदाराने आपल्या अहवालातील अभिप्रायात फेर करावा. काम न झाल्याची कबुली देण्यासाठी नियमांनी जागा ठेवलेली आहे. न झालेले काम झाले म्हणण्यासाठी ठेवलेली नाही.

परंतु वरिष्ठाने ऐकले नाही तर? ‘परवा जायला वेळ नाही, लिहून टाक’ असे त्याने पुन्हा म्हटले, तर कनिष्ठाने त्या पानावर जे खरे आहे ते लिहावे: पाचवे गोदाम ३१ मार्चला मोजता आले नाही, कारण अमुक, पुढील मोजणीविषयी निर्णय व्हावयाचा आहे, खाली आपली आद्याक्षरे आणि त्या दिवसाची तारीख. ही नोंद कोणाविरुद्ध तक्रार नाही. ती त्या पानाची खरी स्थिती आहे, आणि व्यवस्थापकाने फाइल उघडताच ती त्याच्या डोळ्यांसमोर येते, म्हणजे प्रश्न आपोआप वर जातो. ही नोंदही काढून टाकावयास सांगितले, तर त्या माणसाला सांगूनच व्यवस्थापकाकडे जावे, आणि तेथेही दाद लागली नाही तर त्या कामाच्या भागीदाराकडे. उतरंडीच्या क्रमाने जाण्याचे कारण शिष्टाचाराइतकेच व्यवहाराचेही आहे. भागीदाराची सही, त्याचा सभासद क्रमांक आणि आता प्रत्येक अहवालावर उमटणारा अठरा अंकी ओळख क्रमांक हे सारे त्याचे स्वतःचे असते. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत योग्य दक्षता न घेणे आणि मत देण्यास पुरेशी माहिती न मिळविणे हे व्यावसायिक गैरवर्तन म्हटले आहे, आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. पान खोटे आहे हे त्याला कोणी सांगितले नाही, तर तो अज्ञानात त्यावर सही करतो. म्हणून त्याच्यापर्यंत गोष्ट पोहोचविणे ही त्याच्याशी केलेली बेइमानी नव्हे. उलट तो ज्यांच्या शब्दावर उभा आहे त्यांच्याकडून त्याला मिळावयास हवी ती हीच गोष्ट आहे.

भागीदारच जर हे सांगत असेल, तर पेढीत गुणवत्तेची जबाबदारी असलेला दुसरा भागीदार असतो, मोठ्या पेढ्यांत निनावी तक्रारीची सोय असते, आणि शेवटी सनदी लेखापालांची संस्था आहे. या पायऱ्या क्वचितच चढाव्या लागतात; पण त्या आहेत हे ठाऊक असलेला मुलगा पहिल्या पायरीवरच अधिक स्थिर उभा राहतो. या सर्व काळात उमेदवाराने एक खबरदारी घ्यावी. त्याने आपल्या रोजनिशीत काय सांगितले गेले, कोणत्या दिवशी, आपण काय उत्तर दिले, हे लिहून ठेवावे. परंतु ग्राहकाचे कागद, आकडे किंवा छायाचित्रे घरी नेऊ नयेत, मित्रांना कारखान्याचे नाव सांगू नये. ग्राहकाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन आपली बाजू न्याय्य असली तरी सुटत नाही, आणि ते मोडले की मूळ प्रश्न बाजूस पडून आपणच दोषी ठरतो. आणखी एक गोष्ट टाळावी. काही मुले मधला मार्ग म्हणून आद्याक्षरे घालतात आणि तारीख सोडून देतात, किंवा अक्षरे अशी वळवितात की ती कोणाची हे कळू नये. हा मार्ग नाही. वाचणारा त्या पानावर तितकाच विश्वास ठेवतो, आणि चौकशीच्या वेळी हेतुपुरस्सर केलेली संदिग्धता उघड चुकीपेक्षा वाईट दिसते.

‘मला सांगितले म्हणून मी केले’ हे उत्तर कितपत टिकते, याचा एक अलीकडचा दाखला इंग्लंडातील आहे. कॅरिलियन ही बांधकाम कंपनी २०१८ च्या जानेवारीत कोसळली. तिचे तपासनीस केपीएमजी यांच्या कामाची नियामकाने पाहणी केली होती, आणि त्या पाहणीत दाखविलेली काही कागदपत्रे पाहणीसाठीच मागाहून तयार केली होती, पण ती मूळ तपासणीच्या काळातील म्हणून दाखविली होती, असे पुढे निष्पन्न झाले. २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने पेढीला १ कोटी ४४ लाख पौंडांचा दंड केला. वरिष्ठांना दंड झाला आणि व्यवसायातून कित्येक वर्षांसाठी वगळण्यात आले. त्या पथकातील सर्वांत कनिष्ठ माणसाला दंड झाला नाही आणि व्यवसायातूनही वगळले गेले नाही. परंतु तो निर्दोषही सुटला नाही, त्याला कठोर ताकीद मिळाली. म्हणजे वय व अधिकार कमी असल्यामुळे शिक्षा हलकी झाली, दोष मात्र पुसला गेला नाही. कनिष्ठाने या दाखल्याकडे भीतीने पाहण्याचे कारण नाही. पण आज्ञापालन हे एक कवच आहे अशी समजूत असेल तर ती येथे सोडून द्यावी.

खोटे पान सापडते कसे, हे जाणणेही उपयोगी आहे. ते सहसा अपघाताने सापडत नाही. मोजणीचा कागद एकटा नसतो. त्याच्या सभोवती दुसऱ्या हातांनी लिहिलेले कागद असतात. कारखान्याच्या फाटकावरील नोंदवहीत पाहुणे किती वाजता बाहेर पडले ते असते, प्रवासखर्चाच्या बिलाला गाडीचे तिकीट जोडलेले असते, संगणकातील फाइल कोणत्या दिवशी तयार झाली हे फाइलच सांगते. साठावहीतून उतरविलेल्या आकड्यांत आणखी एक खूण राहते: खऱ्या मोजणीत एखाद-दोन थप्प्यांत दोन-पाच पोत्यांचा फरक येतो, शेजारी त्याचे कारण लिहिलेले असते, एखादा आकडा खोडून पुन्हा मोजलेला असतो, उतरविलेल्या पानात सगळेच जुळते. आणि वहीत काही चूक असेल तर ती चूकही हुबेहूब त्या पानात येते. हा शेवटचा मुद्दा आपल्या गोष्टीत कसा उतरला ते आता पाहू.

वरिष्ठाने क्षणभर विचार केला आणि ‘बरं, जा’ म्हटले. व्यवस्थापक बाईंना पाचवे पान कोरेच दाखविले गेले, कारण सांगितले गेले, आणि त्यांनी त्यावर ‘७ तारखेला मोजणी’ एवढे लिहिले. ७ एप्रिलला ती मुलगी कारखान्यात गेली. हंगाम दोन दिवसांपूर्वीच संपला होता, म्हणून आवारात शांतता होती आणि गोदामपालाला वेळ होता. कारखान्याच्या माणसांनी पूर्ण गोदाम मोजले, तिने आठ थप्प्या निवडून पुन्हा मोजल्या. सात थप्प्या जुळल्या. सतराव्या थप्पीत साठावहीप्रमाणे चार हजार पोती होती: लांबीला वीस, रुंदीला दहा, वीस थर. खालून पाहता काही उणे दिसत नव्हते, कारण दोन्ही बाजूंना तितक्याच उंच थप्प्या होत्या आणि छताखाली अंधार होता. शिडीवरून वर गेल्यावर दिसले की सतरा थर पूर्ण आहेत, अठराव्यात एकशेवीस पोती आहेत आणि वर काही नाही. सतरा गुणिले दोनशे म्हणजे तीन हजार चारशे, अधिक एकशेवीस: तीन हजार पाचशे वीस. चारशे ऐंशी पोती कमी.

तिने प्रथम मागच्या रुजुवातीचा हिशेब पुरा केला. त्या दिवशी गोदामात एकूण ३७,१२० पोती मोजली गेली. १ ते ७ एप्रिल या काळात बाहेर गेलेली ९,८५० पोती त्यांत मिळविली, आत आलेली ६,२०० वजा केली. प्रत्येक आवक-चिठ्ठी आणि प्रत्येक जावक-पास फाटकावरील वहीशी ताडून पाहिला. ३१ मार्चची शिल्लक ४०,७७० आली. साठावही त्या दिवशी ४१,२५० म्हणत होती. फरक तोच, ४८०. म्हणजे गेल्या सात दिवसांत नोंदीबाहेर काही हलले नव्हते, पोती ३१ मार्चपूर्वीच थप्पीवरून गेली होती.

गोदामपाल तिला प्रक्रिया-विभागात घेऊन गेला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता, सतराव्या थप्पीवर पत्रा गळला होता, आणि भिजलेली पोती पुन्हा विरघळविण्यासाठी २९ मार्चला तेथे हलविली होती. हंगाम संपल्यामुळे ती फळ्यांवर ताडपत्रीखाली पडून होती. तिने ती मोजली: चारशे ऐंशी. अंतर्गत बदलीची चिठ्ठी रसायनज्ञाच्या खणात होती, तारीख २९ मार्च. गोदामाच्या वहीत ती चढविण्याचे राहून गेले होते. चोरी नव्हती, लबाडी नव्हती. एवढेच झाले की २४० क्विंटल भिजलेली साखर ताळेबंदात चांगल्या साखरेच्या भावाने धरली गेली होती. पुन्हा प्रक्रिया करण्याचा खर्च व घट मिळून क्विंटलमागे ४५० रुपये धरले, तर मूल्य १,०८,००० रुपयांनी कमी होत होते. कारखान्याच्या आकारमानात ही रक्कम लहान आहे. तेवढ्याने अहवाल बदलला नसता, आणि बदललाही नाही. व्यवस्थापक बाईंनी ती दुरुस्त करावयास सांगितली, कारखान्याने केली.

मे महिन्यात गोदामपालाने आपली साठावही सुधारली आणि २९ मार्चच्या चिठ्ठीच्या आधारे सतराव्या थप्पीचा आकडा मागील तारखेने चारशे ऐंशीने उतरविला. त्या मुलीने ५ एप्रिलला वहीतून आठ थप्प्या उचलून ‘३१ मार्च रोजी मोजल्या’ असे लिहिले असते, तर त्या पानावर सतराव्या थप्पीसमोर ४,००० हा आकडा आणि तिची आद्याक्षरे असती, आणि कारखान्याच्या स्वतःच्या चिठ्ठीप्रमाणे त्या दिवशी तेथे ३,५२० पोती असती. बँकेचा तपासनीस, संस्थेचा परीक्षक किंवा पेढीचाच दुसरा भागीदार यांपैकी कोणीही ते दोन कागद शेजारी ठेवले असते तर तिच्याजवळ उत्तर नसते. आज त्या फाइलीत पाचव्या गोदामाचे पान आहे. त्यावर मोजणीची तारीख ७ एप्रिल आहे, ३१ मार्चला मोजणी का झाली नाही याचे दोन ओळींचे कारण आहे, सतराव्या थप्पीसमोर ३,५२० लिहिले आहे, आणि कोपऱ्यातील पहिल्या चौकटीत तिची आद्याक्षरे आहेत.